अर्धीच सांगितलेली कंबरदुखी

आनंद वैशंपायन भाजी आणायला गेले तरी परतताना पिशवीत मेथी आणि तोंडात किस्सा घेऊन यायचे. किस्सा घडलेला असायचाच असं नाही. घडला असेल तर जसाच्या तसा यायचा असंही नाही. वाटेत तो निवडला जायचा, धुतला जायचा, देठं खुडली जायची आणि मग तो ताटात पडायचा. शुभदाकाकू म्हणायच्या, "आमच्याकडे भाजी मी निवडते आणि खरं हे निवडतात."

ठाण्याला एका सरकारी कचेरीत ते वरिष्ठ लिपिक होते आणि डोंबिवली पूर्वेच्या एका ढोल-ताशा पथकाचे सगळ्यांचे काका होते. वय अठ्ठेचाळीस. ढोल वाजवणं सोडून बरीच वर्षं झालेली. आता हातात टोल, म्हणजे ती ठोकायची पितळी थाळी, आणि तोंडाला विश्रांती नाही. पथकातली पोरं ताल शिकायला ताशेवाल्यांकडे जायची आणि हसायला काकांकडे.

त्यांच्या या निवडून सांगण्याने आजवर कोणाचं वाईट झालं नव्हतं. त्या वर्षी पाडव्याच्या आधी झालं.

सुरुवात काकांच्याच कमरेपासून झाली. पाडव्याच्या शोभायात्रेचा सराव सुरू झाला होता. पहिल्या रांगेतल्या हेमांगीने सहज विचारलं, "काका, तुम्ही खरंच ढोल वाजवायचात, की तोही किस्साच?" झालं. काकांनी ढोल कमरेला बांधला, दोन आवर्तनं घुमवली, आणि तिसऱ्याला वाकले ते वाकलेलेच राहिले. सगळ्यांना वाटलं, काका नमस्कार करतायत.

दुसऱ्या दिवशी शुभदाकाकू त्यांना डॉक्टर देवयानी खऱ्यांच्या दवाखान्यात घेऊन गेल्या. खरे डॉक्टर म्हणजे कमी बोलणारी बाई. त्यांच्यासमोर काकांचे चांगले चांगले विनोद टेबलावर पडून राहायचे, प्यायला कोणी न आलेल्या चहासारखे.

"डॉक्टर, एमआरआयची चिठ्ठी द्या म्हणजे झालं," काका म्हणाले. "आमच्या ऑफिसात सगळ्यांनी काढून झालाय. मीच एकटा राहिलोय."

डॉक्टरांनी चिठ्ठी दिली नाही. त्यांनी प्रश्न विचारले. पडलात का? ताप येतो का? पूर्वी कॅन्सर, टीबी? स्टेरॉइडच्या गोळ्या कधी बरेच दिवस घेतल्या का? आपोआप वजन उतरलंय?

"आपोआप?" काका म्हणाले. "अहो, आमची ही गेली सहा वर्षं मुद्दाम उतरवायचा प्रयत्न करतेय."

डॉक्टरांच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. त्यांनी काकांना टाचांवर चालवलं, चवड्यांवर चालवलं, झोपवून एकेक पाय वर उचलला, पायाचा अंगठा दाबून धरून "आता वर ओढा" म्हणाल्या, पायांवर कापूस फिरवून "कळतंय?" विचारलं. मग हात धुतले.

"स्नायू आणि सांधे दुखावलेत. एमआरआय नको."

"नको कसा? आत काय चाललंय ते कळायला नको?"

"आत काय आहे ते आत्ता सांगते. तुमच्या वयाच्या, कंबर अजिबात न दुखणाऱ्या माणसांचे फोटो काढले, तरी निम्म्याहून जास्त जणांच्या मणक्यात झीज दिसते. गादी थोडी बाहेर आलेली दिसते. डोक्यावर पांढरे केस दिसावेत तसं. ते दुखण्याचं कारण असेलच असं नाही. पण रिपोर्टवर ते छापून येतं. मग तुम्ही वाकायला घाबरता, चालणं सोडता, नको ती इंजेक्शनं घेता, एखादा नको ते ऑपरेशनही करून येतो. आणि रिपोर्टमुळे माझे उपचार बदलणार नाहीत. हिंडतेफिरते राहा, शेक घ्या, लागली तर ही गोळी. बहुतेकांचं काही आठवड्यांत बरं होतं."

काका खूश झाले. एखाद्या डॉक्टरने काहीतरी काढू नका म्हणणं हाच मुळात पहिल्या प्रतीचा किस्सा होता. ते उठायला लागले, तेवढ्यात डॉक्टर म्हणाल्या, "बसा. अर्धंच झालंय."

मग त्या जे बोलल्या ते काकांना ऐकायला नको वाटलं. दवाखाना लहान, पुढचे दोन पेशंट आतल्याच बाकावर बसवून ठेवायची पद्धत, आणि त्यातल्या एक शेजारच्या सोसायटीतल्या रमाबाई.

"दोन्ही पायांत कळ उतरायला लागली, पायातला जोर जायला लागला, लघवीला होईनाशी झाली किंवा आलेली कळेनाशी झाली, संडासवरचा ताबा गेला, किंवा दोन मांड्यांच्या मधला भाग, घोड्यावर बसल्यावर खोगीर लागतं तो सगळा भाग, बधीर झाला, तर दुसऱ्या दिवसाची वाट बघायची नाही. मला विचारत बसायचं नाही. थेट हॉस्पिटल. तेव्हा एमआरआय त्याच दिवशी. खाली जाणाऱ्या नसांचा जुडगाच दाबला जात असतो, आणि तिथे उशीर झाला की कधीकधी परत काही येत नाही."

"डोंबिवलीत घोड्यावर फक्त नवरदेव बसतात, डॉक्टर," काका म्हणाले. रमाबाई खुदकन हसल्या. डॉक्टर हसल्या नाहीत. त्या काकांकडे जरा जास्त वेळ बघत राहिल्या.

काका महिन्याच्या आत बरे झाले आणि किस्सा मैदानावर आला. काय रंगला म्हणून सांगू! डॉक्टरांचा तो कोरा चेहरा, काकांचं चवड्यांवर चालणं, "वजन आपोआप?" आणि शेवटी हात वर करून, "एमआरआय म्हणजे मणक्याचे पांढरे केस मोजणं! हिंडा, फिरा, शेक घ्या!" पोरं हसून लोळायची. कोणाची कंबर धरली की पथकात एकच घोष व्हायचा: "पांढरे केस मोजू नका!"

दुसरा अर्धा मात्र मैदानावर आलाच नाही. पथकात निम्म्या मुली, कडेला खुर्च्या टाकून बसलेल्या त्यांच्या आया. त्यांच्यासमोर लघवी, संडास आणि मांड्यांच्या मधलं खोगीर? छे! काकांनी ती देठं खुडून टाकली. भाजी कशी स्वच्छ दिसायला लागली.

पहिल्या रांगेत मधोमध सुदेश घाडीगावकर उभा असायचा. आंबिवलीला राहायचा, लिफ्ट दुरुस्त करायचा, आणि ढोल असा वाजवायचा की समोरच्या इमारतीतले लोक टीव्ही बंद करून गॅलरीत यायचे. तेहतीस वर्षांचा. बायको ऐश्वर्या झांज वाजवायची. काकांचा त्याच्यावर जीव. एका लिफ्टचं मशीन सरकवताना त्याच्या कमरेत चमक भरली आणि डाव्या पायात पोटरीपर्यंत कळ जायला लागली.

"डॉक्टरकडे जाऊन येऊ का, काका?" त्याने विचारलं.

"कशाला? मी जाऊन आलोय ना! दोघांचं एकाच फीमध्ये झालं समज. हिंड, फिर, शेक घे."

सुदेश हसला आणि शेक घ्यायला लागला. त्यात चूक अशी काहीच नव्हती. त्या दिवशी तो खरे डॉक्टरांकडे गेला असता, तरी कदाचित त्यांनी हेच सांगितलं असतं. फक्त त्यांनी त्याला बसवून ठेवून दुसरा अर्धाही ऐकवला असता.

पाडवा गुरुवारी होता. आदल्या आठवड्यात सरावाला येताना सुदेशच्या डाव्या पायातली चप्पल तीनदा निसटली. "अरे, चप्पलसुद्धा तुला सोडून चाललीय," काका म्हणाले, आणि सगळे हसले. सुदेश हसला, पण वाकून चप्पल पायात सरकवताना तो पायाकडे असा बघत होता, जसा तो दुसऱ्या कोणाचा पाय असावा.

शनिवारी तो म्हणाला, "उजव्यातपण जातंय आता." काकांच्या मनात काहीतरी हललं. कुठेतरी ऐकलंय, असं वाटलं. तेवढ्यात ताशाने सुरुवात केली आणि हातातली थाळी वाजवायला हवी होती.

रविवारी सकाळी रंगीत तालीम होती. पांढरे झब्बे, भगवे फेटे, सगळा साज. सुदेशने ढोल बांधताना दोर करकचून आवळला.

"जरा सैल बांध की रे," ऐश्वर्या म्हणाली.

"राहू दे. सैल असला की पाय लटपटतात माझे." मग जरा थांबून, "असाही दोराने खालचा सगळा भाग मेलाय. कळतच नाय काय."

ढोल वाजवणाऱ्याला यात नवल नसतं. दोर मांडीत रुततो, मुंग्या येतात, सुटला की रक्त परत धावतं. पथकातला प्रत्येक जण कधी ना कधी तसा बधीर झालेला. म्हणून कोणी वळूनही बघितलं नाही. दोन आवर्तनांच्या मधे सुदेश मैदानामागच्या मुतारीकडे गेला आणि बऱ्याच वेळाने परत आला. तासाभराने पुन्हा गेला. पुन्हा तसाच आला.

"काय रे, तिकडे वेगळा सराव चाललाय का?" कोणीतरी विचारलं.

"दोराने दाबलं गेलंय. होतच नाय," तो हळूच म्हणाला आणि ओशाळं हसला.

दुपार व्हायला आली तशी सुट्टी झाली. मार्चचं ऊन. ढोल वाहून आणणारा टेम्पो सकाळपासून उन्हात उभा, आणि त्याचा मागचा लोखंडी फाळका खाली पाडलेला. चार-पाच पोरं धावत जाऊन त्यावर बसली आणि बसल्या क्षणी "आई गं!" करून टणाटण उडाली. मागे हात लावून सगळी नाचायला लागली. मैदानभर हशा पिकला.

सुदेश ढोल सोडून मागून आला, त्या फाळक्यावर बसला, आणि बसूनच राहिला.

"बघा, बघा!" काका ओरडले. "याला म्हणतात पोलादी बूड! शिका जरा!"

सगळे टाळ्या वाजवायला लागले. सुदेशने मान वर केली. काय झालं ते त्याला कळलं नव्हतं. त्याने बाजूला तळहात टेकला आणि चटका बसून तो हात झटक्याने वर घेतला. मग त्याने हाताकडे बघितलं, आणि मग जिथे बसला होता तिथे. फक्त हाताला भाजलं होतं.

काकांच्या तोंडावरचं हसू तसंच राहिलं, आणि त्याच्या आतून काहीतरी निघून गेलं. त्यांना तो लहान दवाखाना दिसला. बाकावरच्या रमाबाई दिसल्या. आणि डॉक्टरांचा तो आवाज, मधला एकही शब्द न गाळता: घोड्यावर बसल्यावर खोगीर लागतं तो सगळा भाग.

"सुदेश, ऊठ तिथून."

तो उठला, तो फाळक्याला धरून. झब्ब्याखाली मांडीच्या मागे, लेंगा पातळ असल्यामुळे, एक लालसर पट्टा दिसत होता.

"दोर कधी सोडलास?"

"मघाशीच की. दहा-पंधरा मिनटं झाली."

"मग रक्त परत यायला नको होतं?" काका पुटपुटले. आणि त्यांनी तो प्रश्न विचारला, मैदानाच्या मधोमध, हेमांगीसमोर, ऐश्वर्यासमोर, खुर्चीवरच्या सगळ्या आयांसमोर. "लघवी कधी झाली शेवटची?"

कोणीतरी फिसकन हसलं. काका किस्सा सुरू करतायत असंच सगळ्यांना वाटलं.

"काय काका, लेडीज आहेत," सुदेश म्हणाला.

"कधी झाली?"

"काल रात्री. थोडीशी." त्याचा चेहरा उतरला. "पोट फुगलंय. पण लागल्यासारखं वाटत नाय."

"मग पाणी पी भरपूर, होईल," एक मावशी बाटली घेऊन पुढे आल्या. सुदेशने ती तोंडाला लावली. काकांनी नंबर फिरवताना एका हाताने ती अडवली, कारण कोणाला पाजावं, कोणाला नाही, यातलं त्यांना आता काहीच माहीत नव्हतं.

डॉक्टर देवयानींनी फोन उचलला. काकांनी आयुष्यात पहिल्यांदा कुठलीही देठं न खुडता सगळं सांगितलं. पलीकडून फक्त प्रश्न आले. दोन्ही पाय? चवड्यावर उभा राहतो? धुताना पाण्याचा स्पर्श कळतो का?

काकांनी तो प्रश्नही मोठ्याने विचारला. सुदेशने खाली बघत मान हलवली. नाही.

"त्याला आता काही खायला-प्यायला देऊ नका. ऑपरेशन लागू शकतं," डॉक्टर म्हणाल्या. "ढोल नको, चालवणं नको. माझ्या दवाखान्यात आणू नका, वेळ जाईल. ठाण्याला न्या, मणक्याचे सर्जन आहेत तिथे. मी कळवते. एमआरआय आत्ता, आजच्या आज."

"आज रविवार आहे, डॉक्टर."

"ते नसांना माहीत नसतं." आणि फोन बंद.

सुदेश जागचा हलेना. "काका, गुरुवारी पाडवा आहे. शुक्रवारी जातो. पहिली रांग कोण धरणार?"

"रांग गेली खड्ड्यात."

"तुम्हीच म्हणालेलात एमआरआय नको! सगळ्यांना सांगितलंत. पांढरे केस म्हणे!"

काका बोलले, पण तो किस्सा सांगायचा आवाज नव्हता.

"म्हणालो. डॉक्टरांनी मला तेच सांगितलं होतं, पण ते अर्धं होतं. अर्धं मी तुम्हाला सांगितलंच नाही. पाय लुळे पडायला लागले, लघवी अडली, खालचा भाग बधीर झाला, तर एमआरआय त्याच दिवशी. नाहीतर पाय परत येत नाहीत. लघवी परत येत नाही. काहीच परत येत नाही. मला सांगायची लाज वाटली, कारण..." त्यांनी खुर्च्यांकडे हात केला. "तुम्ही सगळ्या बसला होतात."

ऐश्वर्या झांजा खाली टाकून आली. तिने सुदेशच्या हातातून ढोलाचा दोर काढून घेतला. "चल," ती म्हणाली. तो निघाला.

हेमांगीच्या वडिलांच्या गाडीत मागच्या सीटवर सुदेशला आडवं घातलं. मोटागावच्या पुलावरून खाडी ओलांडताना काका पुढे बसून दर थोड्या वेळाने विचारत होते, "पाय हलव रे." आणि सुदेश हलवत होता. मानकोलीला दोन्ही हलले. महामार्गावर डावा जरा कमी हलला. माजिवड्याच्या चौकात गाड्या तुंबलेल्या, आणि सिग्नल सुटेना. काकांनी विचारलं नाही. विचारायची भीती वाटली. शेवटी मागून ऐश्वर्याच म्हणाली, "काका, विचारत राहा ना."

हॉस्पिटलात आधीच कळलेलं होतं. त्यांनी पहिल्यांदा नळी घातली. लघवीची पिशवी बघता बघता भरली, लिटरच्या वर गेली. एवढं भरलेलं असताना सुदेशला काही कळत नव्हतं. ते बघून तिथल्या तरुण डॉक्टरने सर्जनला पुन्हा फोन लावला. मग एमआरआय. कमरेच्या खालच्या दोन मणक्यांमधली गादी फुटून तिचा मोठा तुकडा मागे सरकला होता, आणि खाली जाणाऱ्या नसांचा सगळा जुडगा त्याने भिंतीला चेपून धरला होता. यात पांढरे केस मोजण्यासारखं काही नव्हतं. सर्जनने स्क्रीनवर बोट ठेवलं तेव्हा काकांनाही ते दिसलं.

"दाब काढतो," सर्जन म्हणाले. "पायाचा जोर बहुधा सुधारेल. लघवीचं आणि बधीरपणाचं आज सांगता येत नाही. कधी आठवडे लागतात, कधी महिने. कधी पूर्ण येतही नाही. कालच आला असतात, तर बरं झालं असतं."

कालच. काल तो म्हणाला होता, उजव्यातपण जातंय आता. आणि काकांच्या हातात थाळी होती.

संध्याकाळी ऑपरेशन झालं. पाडव्याच्या सकाळी डोंबिवलीत शोभायात्रा निघाली. पहिल्या रांगेत मधली जागा पोरांनी रिकामी ठेवली, आणि टोलही कोणी वाजवला नाही. काका ठाण्याला सुदेशच्या कॉटपाशी स्टुलावर बसलेले होते. शुभदाकाकूंनी दिलेला श्रीखंडाचा डबा मांडीवर, झाकण न उघडलेला. हेमांगीने फोनवरून पथकाचं वाजणं ऐकवलं. सुदेशची बोटं चादरीवर हलत होती. पायाची बोटंही हलत होती. उजव्या पायाची चांगली, डाव्याची आळशासारखी. नळी मात्र तशीच, आणि तिच्या टोकाला ती पिशवी.

"काका, किस्सा सांगा ना एखादा," सुदेश म्हणाला.

काकांनी मांडीवरच्या डब्याचं झाकण उघडलं आणि पुन्हा लावलं. ऐश्वर्याला वाटलं, हा माणूस आता पुन्हा कधीच बोलायचा नाही.

भाजल्याच्या जागी मलम लावायला नर्स रोज यायच्या. कुशीवर वळवून त्या मलम लावायच्या, आणि सुदेश भिंतीकडे बघत विचारायचा, "झालं का?" कारण त्या कधी लावतात आणि कधी थांबतात, ते त्याला कळायचं नाही. घरी सोडायची चर्चा सुरू झाली होती, नळीसकट. त्या दिवशी काका ऑफिसातून तडक आले होते. नर्सने बोट लावलं.

"आय झवा!" सुदेश किंचाळला. "आग! आग होतेय ओ सिस्टर!"

पलीकडच्या कॉटवरचे आजोबा दचकून उठून बसले. ऐश्वर्याने दोन्ही हात तोंडावर घेतले. नर्सने पुन्हा, जरा पलीकडे, बोट टेकवलं. "इथे?"

"इथेपण! आई गं!"

"आणि इथे?" नर्सने डावीकडे लावलं.

सुदेश थांबला. वाट बघत राहिला. "लावलंत का?"

नर्सनी कागदावर लिहिलं आणि सर्जनना बोलवायला गेल्या.

काकांनी स्टूल कॉटजवळ ओढलं. "उजवीकडे किती आग होतेय?"

"लय. जीव जातोय."

"होऊ दे," काका म्हणाले. "होऊ दे, बाळा. ओरड. आणखी मोठ्याने ओरड."